टॉर्नेडो चार्ट आणि नव्या प्रॉडक्टचा एनपीव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॉर्नेडो चार्ट म्हणजे नक्की काय असतं?

नवं प्रॉडक्ट काढायचं ठरलं की एक्सेलमध्ये एक मॉडेल बनतं. किती माल विकला जाईल, कितीला, बनवायला किती खर्च, मशीनला किती, हे सगळे अंदाज घालायचे आणि शेवटी एक आकडा येतो, एनपीव्ही. म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा केली की जे उरतं ते. आता हे सगळे अंदाजच आहेत, मग त्यातला कुठला चुकला तर एनपीव्ही जास्त हलेल? ते बघायला एक अंदाज घ्यायचा, तो एकदा खालच्या टोकाला न्यायचा, एकदा वरच्या टोकाला, बाकी सगळे जागच्या जागी ठेवायचे, आणि दोन्ही वेळेला एनपीव्ही किती आला ते लिहून घ्यायचं. या दोन एनपीव्हीमधलं अंतर म्हणजे त्या अंदाजाची आडवी पट्टी. प्रत्येक अंदाजाची अशी पट्टी काढून सगळ्यात लांब वर, सगळ्यात आखूड खाली अशी रचली की आकार वावटळीसारखा दिसतो, म्हणून टॉर्नेडो.

मधली उभी रेष म्हणजे मूळ एनपीव्ही, शून्य नव्हे. शून्याची रेष वेगळी असते आणि कुठली पट्टी ती ओलांडून डावीकडे जाते हे बघणं तर सगळ्यात कामाचं.

एखादं उदाहरण घेऊन सांगाल का? नुसती व्याख्या डोक्यात बसत नाही.

घेऊया. समजा महाराष्ट्रातली एक मध्यम आकाराची बिस्कीट कंपनी आहे, तिला नाचणीची बिस्किटं काढायची आहेत (कंपनी आणि तिचे आकडे समजण्यापुरते धरलेत). पाकिटाची एमआरपी ३० रुपये, त्यातून जीएसटी, दुकानदाराचं मार्जिन, स्टॉकिस्टचं मार्जिन आणि स्कीम जाऊन कंपनीच्या हातात २० रुपये पडतात. मॉडेलमध्ये किंमत म्हणून हे २० घालायचे, ३० नाही.

एक पाकीट बनवून पोचवायला १३ रुपये लागतात. वर्षाला ६० लाख पाकिटं विकली जातील असा अंदाज. पगार, जाहिरात, ऑफिस वगैरे पक्का खर्च वर्षाला १८० लाख. मशीन आणि शेडला ५०० लाख. आयुष्य ५ वर्षं, टॅक्स २५ टक्के, पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर म्हणजे डिस्काउंट रेट १२ टक्के, घसारा सोपा म्हणून दरवर्षी सारखा १०० लाख, शेवटी भंगाराची किंमत शून्य. उधारी आणि स्टॉकमध्ये अडकणारे पैसेही इथे सोडलेत, खऱ्या मॉडेलमध्ये ते घ्यायलाच हवेत.

आता हिशोब बघा. पाकिटामागे ७ रुपये सुटतात, ६० लाख पाकिटांवर ४२० लाख. पक्का खर्च गेला, २४० उरले. घसारा वजा करून १४० वर टॅक्स ३५. म्हणजे हातात रोख २०५ लाख, दरवर्षी. १२ टक्क्यांनी ५ वर्षांचा गुणक ३.६०५ येतो, म्हणून २०५ चे आज ७३९ लाख होतात. त्यातून ५०० गेले, एनपीव्ही साधारण २३९ लाख. पुढचे सगळे आकडे लाखातच आहेत.

सगळे अंदाज दहा टक्के वर, दहा टक्के खाली केले की झालं ना?

बहुतेक ठिकाणी असंच करतात, आणि माझं या पानावर सगळ्यात जास्त सांगणं याच गोष्टीबद्दल आहे. करून बघू आधी.

हातात येणारी किंमत १८ ते २२ केली तर एनपीव्ही उणे ८५ पासून ५६३ पर्यंत जातो. बनवायचा खर्च दहा टक्के हलवला तर २८ ते ४५०. विक्री ५४ ते ६६ लाख पाकिटं केली तर १२५ ते ३५३. त्याखाली पक्का खर्च, मग गुंतवणूक, मग तळाला डिस्काउंट रेट. म्हणजे किंमत एक नंबर, खर्च दोन नंबर, विक्री तीन नंबर, आणि मीटिंगमध्ये सगळे किंमतीवर चर्चा करत बसतात.

पण किंमत पहिली का आली हे विचारा. पाकिटामागे फक्त ७ रुपये सुटतात आणि किंमत २० आहे, तिचे दहा टक्के म्हणजे २ रुपये, ते सरळ त्या ७ मधून जातात किंवा त्यात भर पडते. खर्चाचे दहा टक्के १.३० रुपये, तेही त्याच ७ मधून. विक्री दहा टक्के हलली तर मात्र ते ७ रुपयेच दहा टक्के कमी जास्त पाकिटांवर मिळतात, पाकिटामागे बघितलं तर ७० पैशांएवढा फरक. म्हणजे दोन रुपये, एक तीस, सत्तर पैसे. हा क्रम तुमच्या मार्जिनच्या गणितातून आलाय, बाजारातल्या अनिश्चिततेतून नाही! ज्याचं मार्जिन कमी त्या कुठल्याही धंद्यात दहा टक्क्यांचा चार्ट काढला की किंमत वर येणारच, त्यासाठी चार्ट काढायचीही गरज नाही.

मग दहा टक्क्यांचा चार्ट चुकीचा आहे का?

चुकीचा नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. "किंमत दहा टक्के पडली तर किती फटका बसेल" याचं उत्तर तो बरोबर देतो. "आपल्याला सगळ्यात जास्त धोका कशात आहे" याचं नाही देत, कारण त्यासाठी दुसरी गोष्टही माहीत हवी की ही वस्तू खरंच दहा टक्के हलते का, की पाच टक्के, की चाळीस टक्के. एमआरपी तर तुम्हीच पाकिटावर छापता, ती उद्या आपोआप दहा टक्के पडणार नाहीये, फार तर स्कीम वाढवाव्या लागतील. विक्रीचं तसं नाही, नवं प्रॉडक्ट अंदाजाच्या निम्म्यावर अडकून राहिलं तर कोणाला नवल वाटायला नको.

मॉडेल तपासायला मात्र दहा टक्क्यांचा चार्ट झकास आहे. एखादा इनपुट हलवूनही एनपीव्ही ढिम्म हलत नसेल तर समजायचं की कुठेतरी फॉर्म्युल्याच्या जागी आकडा टाइप केलाय.

खरी रेंज आणायची कुठून? कोणी तर आयती देत नाही.

प्रत्येक अंदाजाला दोन आकडे हवेत. खालचा असा की दहापैकी एखाद्या वेळेलाच प्रत्यक्ष आकडा त्याच्याही खाली जाईल, आणि वरचा असा की दहापैकी एखाद्या वेळेलाच त्याच्या वर जाईल. सगळ्या इनपुटना हाच एक नियम लावायचा, तरच पट्ट्या एकमेकींशी तोलता येतात. विक्रीला "सगळ्यात वाईट काय होईल" विचारलं आणि खर्चाला "साधारण किती हलेल" विचारलं तर तो चार्ट काढून उपयोग नाही.

विक्रीची रेंज सेल्सच्या माणसाला विचारताना मधला आकडा आधी विचारू नका. एकदा ६० लाख तोंडातून बाहेर पडलं की तो ५५ ते ६५ च्या बाहेर जातच नाही. त्यापेक्षा आधी असं विचारा की समजा दोन वर्षांनी आपण फक्त ३५ लाखांवर आहोत, तर काय झालं असेल? मग तो सांगायला लागतो, मोठ्या ब्रँडने तसंच बिस्कीट पाच रुपये स्वस्त आणलं, किराणा दुकानदारांनी पहिला माल घेतला पण दुसऱ्यांदा मागवलाच नाही, सुपरमार्केटमध्ये खालच्या फळीवर टाकलं, आणि बोलता बोलता त्यालाच जाणवतं की ३५ काही अशक्य नाही. कंपनीने आधी काढलेल्या प्रॉडक्टचा पहिल्या वर्षाचा अंदाज आणि प्रत्यक्ष विक्री शेजारी शेजारी ठेवली तर अजून चांगलं, त्याहून प्रामाणिक रेंज मिळत नाही.

खर्चाची रेंज कागदावरून काढता येते. नाचणीचा सरकारी हमीभाव २०२३-२४ ला क्विंटलला ३८४६ रुपये होता, २०२५-२६ ला ४८८६, म्हणजे दोन हंगामांत २७ टक्के वाढ. पाकिटात समजा ३ रुपयांची नाचणी जात असेल तर एवढी वाढ म्हणजे ८० पैसे. पाम तेलाचं बघा, सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने आयात शुल्क चांगलंच वाढवलं आणि मे २०२५ मध्ये कच्च्या पाम तेलावरचं परत कमी केलं. अशा गोष्टी एकत्र करून १३ रुपयांची रेंज १२.४० ते १४.५० येते, वरच्या बाजूला जास्त, खालच्या बाजूला कमी. रेंज दोन्हीकडे सारखी असायलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

अशी रेंज घातल्यावर चार्ट बदलतो का?

पूर्ण बदलतो. हा बघा, लांबीप्रमाणे लावलेला:

| अंदाज | खालचा ते वरचा आकडा | एनपीव्ही, लाखात | पट्टीची लांबी |
|---|---|---|---|
| विक्री, लाख पाकिटं | ३६ ते ७२ | −२१५ ते ४६६ | ६८१ |
| पाकिटाचा खर्च, रु. | १२.४० ते १४.५० | ३३६ ते −४ | ३४१ |
| पक्का खर्च, लाख | १६५ ते २४० | २८० ते ७७ | २०३ |
| हातातली किंमत, रु. | १९.२० ते २०.४० | १०९ ते ३०४ | १९५ |
| गुंतवणूक, लाख | ४८० ते ५६० | २५५ ते १९० | ६६ |
| डिस्काउंट रेट | ११ ते १३ टक्के | २५८ ते २२१ | ३७ |

किंमत पहिल्या नंबरवरून चौथ्यावर गेली आणि विक्री तिसऱ्यावरून पहिल्यावर आली, तीही दुसऱ्याच्या दुप्पट लांबीने. मॉडेल तेच, फॉर्म्युले तेच, मूळ एनपीव्ही तोच २३९, बदलल्या फक्त रेंज. म्हणून कोणी टॉर्नेडो चार्ट समोर ठेवला की मी आधी पट्ट्या बघत नाही, रेंज कुठून आणल्या ते विचारते. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना इनपुटचे आकडे लिहिलेले नसतील तर तो चार्ट वाचताच येत नाही.

पक्का खर्च तिसऱ्यावर कसा आला असं काहींना वाटतं, त्याला "पक्का" म्हणतो ना आपण. पण त्यात जाहिरात आहे, आणि विक्री कमी दिसली की पहिली मागणी होते ती जाहिरात वाढवण्याची, म्हणून त्याचं वरचं टोक २४० पर्यंत.

डिस्काउंट रेट तळाला कसा? आमच्याकडे तर त्याच्यावरच सगळ्यात जास्त वाद होतो.

वाद होतो कारण त्याच्यावर वाद घालणं सोपं असतं, फायनान्सच्या सगळ्यांना तो विषय माहीत असतो. पण पाच वर्षांच्या प्रॉडक्टमध्ये पैसे लवकर येतात त्यामुळे एक टक्का इकडे तिकडे झाल्याने १८-१९ लाखांचाच फरक पडतोय. हेच पंचवीस वर्षं चालणाऱ्या रस्त्याच्या किंवा वीज प्रकल्पाच्या मॉडेलमध्ये केलं तर डिस्काउंट रेट सहज वर येतो, तिथला वाद योग्यच आहे.

अजून एक, डिस्काउंट रेट हा विक्री किंवा नाचणीच्या भावासारखा "काय होईल" प्रकारचा अंदाज नाही, तो कंपनीने ठरवलेला नियम आहे. काही जण म्हणून तो टॉर्नेडोत घेतच नाहीत, वेगळा दाखवतात. मला तो घेतलेला आवडतो, तळाची आखूड पट्टी एकदा दिसली की मीटिंगचा अर्धा तास वाचतो.

किंमत वाढवली तर विक्री पडणारच. ते चार्टमध्ये कुठे दिसतं?

नाही दिसत. हीच या चार्टची सगळ्यात मोठी मर्यादा. एका वेळी एकच इनपुट हलतो, बाकीचे स्तब्ध. दहा टक्क्यांच्या चार्टमध्ये किंमत २२ केल्यावर एनपीव्ही ५६३ दिसला कारण चार्ट असं धरून चालतो की महाग झालं तरी गिऱ्हाईक तेवढीच ६० लाख पाकिटं घेणार. समजा दहा टक्के किंमत वाढवल्यावर विक्री १५ टक्के पडली, म्हणजे ५१ लाखांवर आली, तर एनपीव्ही ३४४ येतो. फायदा आहे, पण ३२४ नाही, १०५.

उपाय असा की जे दोन अंदाज एकमेकांना बांधलेले आहेत त्यांची एकच पट्टी करायची. मॉडेलमध्ये विक्रीचा फॉर्म्युला किंमतीवर अवलंबून ठेवायचा, "किंमत एक टक्का वाढली की विक्री किती टक्के पडते" हा वेगळा इनपुट करायचा आणि त्याचीही रेंज द्यायची. दुसरं म्हणजे जे आपण ठरवतो आणि जे आपल्यावर येऊन आदळतं ते एकाच चार्टमध्ये मिसळू नये. एमआरपी ३० ठेवायची की ३५ हा निर्णय आहे, त्याच्यासाठी दोन वेगळे टॉर्नेडो काढा, एक ३० चा, एक ३५ चा. वरच्या टेबलमध्ये किंमतीची जी रेंज आहे ती एमआरपीची नाहीच, ३० ची एमआरपी तशीच ठेवून ट्रेडला किती स्कीम द्यावी लागेल एवढीच ती अनिश्चितता आहे.

पट्टी एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड आली, काही चुकलं का?

बहुतेक वेळा नाही. विक्रीची पट्टी डावीकडे ४५४ आणि उजवीकडे २२७ आहे कारण रेंजच खाली २४ लाख आणि वर १२ लाख पाकिटांची आहे.

पण कधी कधी मॉडेलमधलं वळणही त्याला कारण असतं. समजा मशीनची क्षमताच वर्षाला ६६ लाख पाकिटांची आहे, तर ७२ लाखांची मागणी आली तरी विकणार ६६, आणि उजवं टोक ४६६ ऐवजी ३५३ वर अडकतं. मॉडेलमध्ये क्षमतेची मर्यादा घातलीच नसेल तर चार्ट तुम्हाला न मिळणारा फायदा दाखवत बसतो.

टॅक्समध्येही एक खाच आहे, ती बघून घ्या. विक्री ३६ लाखांवर आली की घसारा धरून वर्षाला २८ लाखांचा तोटा होतो आणि मॉडेल त्याच्यावर ७ लाखांचा टॅक्स "वाचवतं". कंपनीचा बाकीचा धंदा नफ्यात असेल तर ते खरंच वाचतात. हे एकच प्रॉडक्ट असलेली नवी कंपनी असेल तर तोटा पुढे ओढावा लागतो, पाच वर्षांत तो वापरला गेला नाही तर एनपीव्ही उणे २१५ वरून उणे २४० च्या आसपास जातो.

एक्सेलमध्ये काढायचा कसा?

सगळे इनपुट एका जागी, प्रत्येकासमोर तीन आकडे, खालचा, मूळ, वरचा. मॉडेल नेहमी मूळ आकड्यांवर चालू. मग एकेक इनपुट बदलून एनपीव्ही लिहून घ्यायचा, सहा इनपुट म्हणजे बारा वेळा, हाताने केलं तरी फार नाही. दर वेळी आकडा मूळ जागी आणलाय ना ते बघा, एक विसरला की पुढचे सगळे चुकतात. जास्त इनपुट असतील तर Data टॅबमध्ये What-If Analysis, त्यात Data Table वापरा. त्याला एक अट आहे, ज्या सेलमध्ये इनपुट आहे तो सेल आणि टेबल एकाच शीटवर लागतात. आणि टेबलमधले सगळे आकडे एकसारखेच दिसायला लागले तर कॅलक्युलेशन "Automatic Except for Data Tables" वर आहे का बघा, F9 दाबलं की सुटतं.

मग E कॉलममध्ये पट्टीची लांबी काढा आणि त्यावर सॉर्ट करा, मोठी वर:

```
=ABS(D2-C2)
```

यात C मध्ये खालच्या आकड्याचा एनपीव्ही, D मध्ये वरच्याचा. चार्ट घ्यायचा Clustered Bar, Series Overlap १०० टक्के, Gap Width थोडी कमी. आडव्या अक्षाच्या सेटिंगमध्ये Vertical axis crosses याला Axis value म्हणून मूळ एनपीव्ही द्यायचा, म्हणजे २३९, तेव्हा पट्ट्या मधून दोन्हीकडे फुटतात, नाहीतर सगळ्या शून्यापासून निघतात. उभ्या अक्षावर Categories in reverse order टिक केलं की सगळ्यात लांब पट्टी वर येते, आणि Label Position ला Low दिलं की नावं पट्ट्यांवर न चढता डावीकडे सरकतात.

रंग इनपुटप्रमाणे द्या, खालच्या आकड्याला एक, वरच्याला दुसरा. मग खर्चाच्या पट्टीत रंग उलटे दिसतात, खर्च कमी म्हणजे एनपीव्ही उजवीकडे, आणि ते तसंच हवं, बघणाऱ्याला दिशा लगेच कळते.

मूळ एनपीव्हीच बरोबर आहे ना, हे कसं तपासायचं?

हातावर काढून बघा, वर काढला तसा. एक्सेलच्या NPV फंक्शनमध्ये सगळे जण अडकतात ती एक गोष्ट म्हणजे ते फंक्शन पहिला आकडा वर्षाच्या शेवटी आलेला धरतं. आजची गुंतवणूक त्याच्या आत घातली तर तीही एक वर्ष पुढे ढकलली जाते. बरोबर पद्धत, B8 मध्ये रेट आणि B20 मध्ये आजची गुंतवणूक उणे चिन्हासकट:

```
=NPV(B8,C20:G20)+B20
```

B20 आत गेला तर आपल्या उदाहरणात २३९ ऐवजी २१३ येतात, बरोबर १.१२ ने भागलेले. अशा वेळी जवळपास सगळ्या पट्ट्या त्याच प्रमाणात आखडतात, क्रम तसाच राहतो, त्यामुळे चार्टकडे बघून ही चूक कधीच लक्षात येत नाही.

जो अंदाज मॉडेलमध्येच नाही त्याचं काय?

त्याची पट्टी नाही, आणि पट्टी नाही म्हणून कोणी त्याबद्दल विचारत नाही. नव्या प्रॉडक्टमध्ये असं हमखास सुटणारं म्हणजे आपल्याच जुन्या मालाची विक्री खाल्ली जाणं. ही कंपनी आधीपासून ग्लुकोज बिस्किटं विकते असं धरा, आणि नाचणीच्या ६० लाख पाकिटांपैकी १५ टक्के गिऱ्हाईक आपलंच जुनं बिस्कीट सोडून आलेलं आहे. जुन्या पाकिटावर ५ रुपये सुटत असतील तर ९ लाख पाकिटांचे ४५ लाख दरवर्षी गेले. एनपीव्ही २३९ वरून ११७ वर येतो. तेच ३० टक्के असेल तर उणे ४. शून्य ते ३० टक्के अशी रेंज घातली तर ही पट्टी २४३ लांब होते, थेट तिसऱ्या नंबरवर! जी गोष्ट मॉडेलमध्ये नव्हतीच ती.

दुसरं, उशीर. मशीन आलं, पैसे गेले, पण लायसन्स, पॅकिंगचं डिझाइन, चाचणीचा माल यात वर्ष गेलं आणि विक्री एक वर्ष उशिरा सुरू झाली तर बाकी सगळं तसंच राहूनही एनपीव्ही १६० होतो, ७९ लाख कमी. ही पट्टी एकाच बाजूला असते कारण लाँच ठरल्याच्या आधी होत नाही.

सगळ्यात वरची पट्टी कळली. आता तिचं करायचं काय?

पहिलं काम, ती पट्टी शून्य कुठे ओलांडते तो आकडा काढा. आपल्या उदाहरणात विक्री ४७.४ लाख पाकिटांवर आली की एनपीव्ही शून्य. हा आकडा सेल्सच्या माणसाला कळतो, एनपीव्ही नाही कळत. "६० लाख होतील का" पेक्षा "४७ च्या खाली जायची शक्यता किती" या प्रश्नावर माणसं जास्त नीट विचार करतात.

दुसरं, लांबीच्या वर्गावरून हिस्सा बघा. प्रत्येक लांबीचा वर्ग करायचा आणि बेरजेने भागायचं. वरच्या टेबलमध्ये एकट्या विक्रीचा वाटा साधारण ७० टक्के येतो, खर्च धरून ८७. अंदाज एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरलेलं असतं म्हणून हे ढोबळच, पण वेळ आणि पैसा कुठे घालायचा ते यातून स्पष्ट होतं. गुंतवणुकीचं कोटेशन अजून तिघांकडून मागवून ती पट्टी निम्मी केली तरी एकूण चित्र हलत नाही.

तिसरं, पट्टी आखूड करता येते का बघा. विक्रीसाठी म्हणजे सगळ्या राज्यात एकदम न जाता आधी दोन जिल्ह्यांत विकून बघणं, समजा कोल्हापूर आणि नाशिक, तिथे नाचणी लोकांच्या ओळखीची आहे. म्हणूनच सोबत एखादा असा जिल्हा घ्या जिथे ती रोजच्या खाण्यात नाही, नाहीतर आकडा फुगलेला येईल. आणि पहिल्या खरेदीचा आकडा धरू नका, दुकानदार दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा किती मागवतो ते धरा.

पट्टी आखूड होत नसेल तर तिचं डावं टोक कापता येतं का बघा. पहिलं वर्ष स्वतःचं मशीन न घेता दुसऱ्याच्या कारखान्यात जॉब वर्कवर माल बनवून घेतला तर पाकिटाला १३ ऐवजी समजा १५ पडतील. ६० लाख पाकिटं गेली तर दोन रुपयांनी १२० लाख जास्त गेले, वाईट वाटेल. पण ३६ लाखच गेली तर ५ रुपयांनी १८० लाख सुटतात, पक्का खर्च १८० च, ना नफा ना तोटा, आणि ५०० लाख अजून बँकेतच आहेत. उणे २१५ चं टोक असं कापलं जातं. हा पर्याय बहुतेक मॉडेलमध्ये नसतो कारण मॉडेल "आज ५०० लाख घालायचे" इथूनच सुरू होतं.

खर्चाच्या पट्टीला उपाय वेगळा, शेतकरी उत्पादक कंपनीशी हंगामाआधी भाव ठरवून नाचणीचा करार केला की वरचं टोक खाली येतं. त्यासाठी भाव थोडा जास्त द्यावा लागला तर मूळ एनपीव्ही किंचित कमी होईल, तेही मॉडेलमध्ये घालून बघा.

यापेक्षा सरळ मॉन्टे कार्लो का करू नये?

करा, पण टॉर्नेडोनंतर. मॉन्टे कार्लोत सगळे इनपुट एकदम हजारो वेळा हलवले जातात आणि "एनपीव्ही शून्याखाली जायची शक्यता किती" याचं उत्तर मिळतं, जे टॉर्नेडो देऊ शकत नाही. पण त्याला प्रत्येक इनपुटचा पूर्ण आकार, म्हणजे कुठला आकडा यायची शक्यता किती, आणि इनपुटचा एकमेकांशी संबंध सांगावा लागतो, वीस इनपुटसाठी ते कोणी नीट करत नाही. टॉर्नेडोने वरचे तीन चार निवडा, त्यांच्यावर मेहनत घ्या, बाकीचे मूळ आकड्यावर गोठवा. रेंजच कच्च्या असतील तर दहा हजार वेळा हलवूनही उत्तर कच्चंच येणार.

बोर्डाला किंवा बँकेला दाखवताना किती पट्ट्या ठेवायच्या?

सात-आठ पुरे, बाकीच्या मागच्या पानावर. मूळ एनपीव्हीची रेष आणि शून्याची रेष दोन्ही दिसू द्या. पट्ट्यांच्या टोकांना इनपुटचे आकडे, आणि खाली एका ओळीत रेंज कशा काढल्या ते, कोणाला विचारून आणि कुठल्या जुन्या आकड्यांवरून. बँकेचा माणूस विक्रीची पट्टी शून्याच्या डावीकडे गेलेली बघून विचारणारच, तेव्हा ४७.४ लाखांचा आकडा आणि जॉब वर्कचा पर्याय त्याच पानावर तयार ठेवा. ती टोकं झाकायला रेंज आवळू नका, पुढच्या वर्षी प्रत्यक्ष आकडे आले की तोच माणूस तोच चार्ट काढून तुमच्यासमोर ठेवतो.